शतपावलीचा हिशेब

माझ्याकडे वजनाची एक वही आहे. रोज सकाळी, चहाच्या आधी, एकाच काट्यावर, एकाच गाउनमध्ये घेतलेलं वजन त्यात लिहिलेलं असतं आणि दर रविवारी सात दिवसांची सरासरी लाल शाईत. आकड्यांत काम करणाऱ्या बाईची ही सवय. एका दिवसाच्या वजनावर माझा विश्वास नाही. आदल्या रात्री लोणचं-पापड झाला तरी दुसऱ्या दिवशी काटा अर्धा-पाऊण किलो वर जातो, पाळीच्या आधी तर किलोभरसुद्धा, आणि ते सगळं पाणी असतं. सरासरी मात्र सहसा फसवत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्याची सरासरी होती ७४.६. उंची माझी पाच फूट दोन इंच, वय त्रेचाळीस. जेवण मोजून दिवसाला साधारण १५५० कॅलरींवर आणलं होतं आणि आठवड्यातून तीन दिवस जिम सुरू होतं, पाऊण-पाऊण तास, बहुतेक वेळ वजनं उचलण्यात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सरासरी ७२.६ झाली. त्यानंतरच्या चार रविवारी लाल शाईत लिहिलं ७२.६, ७२.४, ७२.५, ७२.२. महिन्याकाठी चारशे ग्रॅम. जेवण तेच, जिम तेच, आणि वजन मात्र जेमतेम हलत होतं.

जिममधल्या ट्रेनरचं म्हणणं सरळ होतं, ‘मॅडम, तीनचे पाच दिवस करा.’ पण ते दोन दिवस आणायचे कुठून? सव्वापाचला उठून दोन डबे, मग डोंबिवलीहून लोकल, संध्याकाळी परत येईतो आठ. त्यात मार्च म्हणजे आमच्या धंद्यात वर्षअखेर. जेवणातून आणखी काढावं, तर आधीच दुपारी चारला पोटात कावळे ओरडत होते. १५५० वरून चौदाशेवर आले असते, तर आठ-पंधरा दिवसांत सगळं सोडून दिलं असतं हे मला माझ्या स्वभावावरून पक्कं ठाऊक होतं.

माझी एक मामेबहीण नागपूरला वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून ताई. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वजनाची वही आहे. पावलांची आहे का?”

पावलांची वही नव्हती, पण पट्टा होता. भाऊबीजेला भावाने मनगटावर बांधायचा पट्टा दिला होता. तो मी रोज घालत होते, त्याच्याकडे बघत मात्र नव्हते. त्या रात्री मोबाइलवर त्याचे मागचे महिने उघडले. जेवण कमी करण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माझी रोजची सरासरी होती ६२०० पावलं. जानेवारीच्या शेवटी ती पाच हजारांवर आलेली. फेब्रुवारीच्या मध्यापासून ३९००.

मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं की माझी हालचाल वाढली आहे. जिम सुरू होतं ना! प्रत्यक्षात दिवसाची २३०० पावलं गळाली होती आणि मला पत्ताही नव्हता.

मग एकेक आठवायला लागलं. स्टेशनपासून आमची सोसायटी एक किलोमीटर तीनशे मीटर. पूर्वी संध्याकाळी मी चालत यायचे, वाटेत भाजी घ्यायचे. जानेवारीनंतर कधी तरी शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहायला लागले, ‘आज दमलेय’ म्हणून. मग ते ‘आज’ रोजचं झालं. भाजी मोबाइलवरून मागवायला लागले. गच्चीवरचे कपडे आणायला मुलाला पाठवायला लागले. जेवणानंतर ओटा लगेच आवरायची सवय मोडून आधी दहा मिनिटं सोफ्यावर टेकायला लागले आणि ती दहाची चाळीस व्हायची. घरून काम करायचे दोन दिवस तर बावीसशे पावलांत संपत होते. यातलं काहीही मी ठरवून केलं नव्हतं. आळस म्हणावं तर तेही खरं नाही, कारण त्याच दिवसांत मी सव्वापाचला उठून डबे करत होते.

ताई म्हणाली, “हे तू केलं नाहीस, शरीराने केलंय. आत येणारं कमी झालं, म्हणून त्याने बाहेर जाणारं कमी केलं. पगार कमी झाल्यावर तू घरात काय करशील? मोठा हप्ता थांबवता येत नाही, मग किरकोळ खर्चाला कात्री लावशील. शरीराचंही तसंच. हृदय, मेंदू, यकृत चालूच ठेवावे लागतात. हात आखडता घ्यायचा तर किरकोळ हालचालीतच घेता येतो.”

या किरकोळ हालचालीला शास्त्रात नाव आहे. झोप, जेवण आणि ठरवून केलेला व्यायाम सोडून दिवसभरात शरीर जे जे हलतं, त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिला ‘नीट’ म्हणतात. मराठीत हा शब्द किती चपखल बसतो, हे त्या शास्त्रज्ञांना ठाऊक असायचं कारण नाही. स्वयंपाकघरातल्या फेऱ्या, दळण आणणं, केर काढणं, बसल्या बसल्या पाय हलवणं, बोलताना हातवारे, ताठ बसणं, सगळं यात आलं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली यावर केलेला प्रयोग ताईने मला समजावून सांगितला. सोळा जणांना आठ आठवडे रोज त्यांच्या गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या, व्यायाम वाढवू दिला नाही. हिशेबाने सगळ्यांची चरबी सारखीच वाढायला हवी होती. प्रत्यक्षात कुणाची साडेतीनशे ग्रॅम वाढली, तर कुणाची सव्वाचार किलो. हा फरक मुख्यतः या किरकोळ हालचालीतून आला होता. काहींच्या शरीराने नकळत दिवसाला सहा-सातशे कॅलरींची हालचाल वाढवली होती, काहींच्या शरीराने जवळजवळ काहीच नाही. जास्त खाल्ल्यावर हा नळ आपोआप सैल होऊ शकतो, तसा कमी खाल्ल्यावर तो आवळलाही जातो. माझा आवळला गेला होता.

आता आकड्यांकडे येते, कारण माझा जीव तिथे रमतो. शिवाय या विषयात आकडे फुगवून सांगण्याची फार वाईट सवय पडली आहे.

सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने एक किलोमीटर चालायला किती कॅलरी लागतात? ढोबळ नियम असा की आपलं वजन किलोत घ्यायचं आणि निम्मं करायचं. मी ७२ किलो, म्हणजे किलोमीटरला ३६ कॅलरी. हा नुसता बसून राहण्यापेक्षा वरचा, जादा खर्च. माझ्या उंचीला एक पाऊल साधारण पासष्ट सेंटिमीटरचं पडतं, म्हणजे किलोमीटरला पंधराशेच्या वर थोडी पावलं. तेव्हा गळालेली २३०० पावलं म्हणजे दीड किलोमीटर, म्हणजे चोपन्न कॅलरी.

एवढंच? मलाही तेच वाटलं. चोपन्न कॅलरी म्हणजे अर्ध्या पोळीपेक्षा कमी. पण माझ्या तेव्हाच्या तुटीचा, म्हणजे खाण्यापेक्षा जास्त खर्च होणाऱ्या कॅलरींचा, हिशेब करून बघा. महिन्याला चारशे ग्रॅम चरबी जात होती असं धरलं, तर किलोला ७७०० कॅलरींच्या हिशेबाने ती तूट दिवसाला शंभराच्या आसपास येते. शंभराच्या तुटीत चोपन्न म्हणजे निम्म्याहून अधिक. आणि पावलं ही मोजता येणारी हालचाल झाली. पावलं कमी होतात तेव्हा उभं राहणं, वाकणं, उचलणं, हेही कमी होत असणार, ते कुठल्याच पट्ट्यात उमटत नाही. पावलांचा आकडा मला थर्मामीटरसारखा वाटतो. सगळा आजार त्यात दिसत नाही, पण ताप आहे एवढं नक्की कळतं.

मग आम्ही उलटा विचार केला. ३९०० ची ६२०० करण्यापाशी न थांबता ९५०० केली तर? वाढ ५६०० पावलांची, म्हणजे तीन किलोमीटर सहाशे मीटर, म्हणजे दिवसाला १३० कॅलरी. आठवड्याला नऊशेच्या वर. त्याच्या शेजारी माझं जिम ठेवून बघितलं. पाऊण तास वजनं उचलण्याचा जादा खर्च दीडशेच्या आसपास धरला, तर तीन दिवसांचे झाले साडेचारशे. म्हणजे जिमचा एक तासही न वाढवता, जिमच्या दुप्पट खर्च नुसत्या पावलांतून. जिम सोडायचं मात्र नाही, हे ताईने बजावलं. तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. वजनं उचलली आणि पुरेसं प्रथिन खाल्लं तर ते टिकून राहतात. जिमची किंमत त्यासाठी आहे, कॅलरी जाळण्यासाठी ती जागा तशी बेताचीच.

दहा हजार का नाही, असं मी विचारलं होतं. दहा हजार हा आकडा जपानमधून आला आहे. १९६५ मध्ये तिथे ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं आणि त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. आकडा गोल आणि लक्षात राहणारा, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे शरीरात काही वेगळं घडतं असं नाही. आपण कुठून सुरुवात करतोय आणि तिथून किती वाढवतोय, एवढंच तुटीच्या हिशेबात येतं. जो आधीच नऊ हजार चालतो त्याला दहा हजारांनी फारसं काही मिळणार नाही.

ही ५६०० पावलं मी कुठून आणली ते सांगते, कारण वेळ काढणं हाच खरा प्रश्न होता.

पहिली दोन हजार परत मिळवली ती स्टेशनवरून. सकाळी रिक्षाच, कारण सकाळी लोकल गाठायची असते आणि घामाघूम होऊन ऑफिसात बसायचं नसतं. संध्याकाळी मात्र चालत. रिक्षाच्या रांगेत दहा मिनिटं जायची आणि चालायला अठरा लागतात, तेव्हा खरा जादा वेळ गेला तो फार तर पाच-सात मिनिटांचा. ज्या दिवशी घरून काम, त्या दिवशी संध्याकाळी तेवढंच अंतर भाजी-दूध-दळण यांच्या निमित्ताने.

दुसरा वाटा शतपावलीचा. आमच्या घरी आजोबा रात्री जेवून उठले की अंगणात शंभर पावलं मोजून चालायचे. शब्दातच आकडा आहे. शंभर पावलं म्हणजे एक मिनिट झालं, कारण मिनिटाला शंभर ही साधारण बरी, जराशी झपझप चाल. मी तिची दहा-बारा मिनिटं केली. दुपारी डबा खाल्ल्यावर ऑफिसच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये हजार, रात्री जेवल्यावर गच्चीवर बाराशे. जेवणानंतर लगेच चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, हा वेगळा फायदा. आमच्या घराण्यात मधुमेह आहे, त्यामुळे तूट संपली तरी हा भाग मी सोडणार नाही.

तिसरा वाटा फोनचा. मी आईशी रोज रात्री बोलते, दहा-पंधरा मिनिटं तरी. पूर्वी पलंगावर पडून बोलायचे. आता फोन वाजला की उठायचं आणि बोलणं संपेपर्यंत बसायचं नाही. आमचा हॉल ते स्वयंपाकघराची बाल्कनी बावीस पावलं. बोलत बोलत चाल मंद पडते, तरी हजारभर होतात.

उरलेली तीन-चारशे पाण्याच्या बाटलीतून आली. ऑफिसात लिटरची बाटली घेऊन बसायचे, आता अर्ध्या लिटरची. सारखं उठावं लागतं. मुलाला पाठवणं बंद केलं, गच्चीवरचे कपडे माझे मीच आणते.

एकदम एवढं करू नये. मी पहिल्याच आठवड्यात उत्साहाने नऊ हजार केली आणि दहाव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना उजवी टाच जमिनीला टेकवेना. पहिली काही पावलं सुई टोचल्यासारखी, मग हळूहळू बरं, अशी ती ठरावीक दुखणी. तळपायाच्या पडद्यावर अचानक भार आला होता. घरात फरशीवर अनवाणी फेऱ्या मारणं हे त्याचं मोठं कारण. पाच हजारांवर परत आले, घरातही मऊ चप्पल घालायला लागले, पोटरी ताणायचे व्यायाम केले आणि मग आठवड्याला हजार अशी पायरी धरली. एप्रिलअखेरीला ९५०० वर स्थिरावले.

काय काय मोजू नये तेही सांगते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट सोडून जिना चढल्याने वजन उतरतं असं मी कितीदा ऐकलं आहे. एक मजला चढायला माझ्या वजनाला दोनेक कॅलरी लागतात. तीन मजले, सहा कॅलरी. जिना चढावा, छातीसाठी आणि मांड्यांसाठी तो उत्तमच, मीही चढते. पण तुटीच्या खात्यात त्याची नोंद करण्यासारखं काही नाही. उभं राहून काम करण्याचंही तसंच. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला ०.१५ कॅलरीच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तासाला नऊ. उभं राहण्याचा फायदा असा की उभा माणूस सहज चालायला लागतो. बसलेल्याला आधी उठावं लागतं.

मोजण्याच्या यंत्राबद्दलही थोडं. मोबाइलवर पावलं मोजू नयेत असं मी बायकांना तरी सांगेन, कारण आपल्या कपड्यांना खिसे नसतात. मोबाइल ओट्यावर पडलेला असतो आणि आपण घरभर फिरत असतो. त्या दोन-अडीच हजार पावलांची नोंदच होत नाही. मनगटावरच्या पट्ट्याचीही खोड आहे. तो हाताचा झोका मोजतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की पावलं कमी नोंदली जातात, आणि कणीक मळताना, पोळ्या लाटताना उभ्या उभ्या पावलं वाढतात. मी एकदा वीस पोळ्या लाटायच्या आधी आणि नंतर आकडा बघितला, दीडशेचा फरक होता. पट्टा बरा आहे की नाही ते बघायला रस्त्यावर मनात दोनशे मोजून चालायचं आणि आकडा ताडून बघायचा. पाच-दहा पावलांचा फरक चालतो. सूक्ष्म अचूकपणाची गरजच नाही. तोच पट्टा, त्याच हातात, रोज, एवढं पाळलं की वाढ-घट खरी कळते.

पावलांवर विश्वास ठेवावा, कॅलरींच्या आकड्यावर मात्र अजिबात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी बरे मोजले. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. माझा पट्टा त्या ५६०० पावलांना दोनशेच्या आसपास कॅलरी दाखवतो. त्यातल्या पन्नासेक तर मी त्या जवळजवळ तासाभरात नुसती बसून राहिले असते तरी खर्च झाल्या असत्या. त्या दोनशेच्या भरवशावर कुणी एक वडापाव खाल्ला, तर दिवसाची तूट वाढायच्या ऐवजी कमी होईल, कारण वडापाव तीनशेच्या घरात जातो. चालण्याने मिळवलेलं खाऊन भरून काढायचं नाही, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. चालणं संथ असल्याने भूक तशी खवळत नाही, हा माझा अनुभव. जिमच्या दिवशी मात्र रात्री नऊलाही फ्रिज उघडला जातो.

भुकेबद्दल ताईने एक जुनी गोष्ट सांगितली आणि ती आपल्याकडची असल्याने मला फार भावली. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या लोकांचा आहार, वजन आणि काम यांची सांगड घालून बघितली. जड काम करणारे जास्त खात होते, ते अपेक्षितच. पण सगळ्यात बैठं काम करणारेही हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि त्यांची वजनं जास्त होती. भूक आणि खर्च यांचा मेळ एका पातळीच्या खाली बसेनासा होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण घरून काम करायच्या बावीसशे पावलांच्या दिवशी मला सारखं काही तरी तोंडात टाकावंसं वाटायचं, आणि स्टेशन गाठायच्या दिवशी नाही, हे आठवून मी बराच वेळ गप्प बसले.

सगळ्यात मोठी चूक माझ्या मैत्रिणीने केली आणि तिच्यामुळे मी वाचले. ती रोज सकाळी पाऊण तास चालते, साडेचार हजार पावलं. तिचंही वजन हलत नव्हतं. तिच्या दिवसाची बेरीज बघितली तर ५८००. म्हणजे सकाळचं फिरणं सोडून उरलेल्या पंधरा-सोळा तासांत तेराशे पावलं! आधी, फिरायला जायची नाही तेव्हा, तिची पाच हजार व्हायची. ‘आज चालून झालंय’ म्हणून ती दिवसभर बसत होती. चालण्याने तिची खरी वाढ झाली होती आठशे पावलांची. म्हणून फिरायला किती गेलात ते विचारूच नये, रात्री झोपताना दिवसाची बेरीज बघावी.

शरीर आणखी एका रीतीने हिशेब बरोबर करतं आणि ते कुठल्याच पट्ट्यात दिसत नाही. हालचाल वाढवली की ते आतल्या खर्चात थोडी बचत करतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही बचत सरासरी २८ टक्के निघाली. म्हणजे शंभर कॅलरींची हालचाल वाढवली तर दिवसाच्या एकूण खर्चात बहात्तरच्या आसपास भर पडते. ज्यांच्या अंगावर चरबी जास्त, त्यांच्यात बचत जास्त दिसली.

माझं काय झालं? एप्रिलअखेरपासून जुलैअखेरपर्यंत, जेवण १५५० च्या आसपास तेवढंच, जिमचे दिवस तीनच, पावलं सरासरी ९४००. मार्चअखेरपासून मधल्या काळात सरासरी ७२ वर आली होती. तीन महिन्यांनी ती झाली ६९.६. दोन किलो चारशे ग्रॅम, महिन्याला आठशे. आधीच्या दुप्पट. दिवसाला तूट आधी शंभराच्या आसपास होती, ती दोनशेच्या थोडी वर गेली. कागदावर १३० वाढायला हव्या होत्या, काट्यावर शंभरेक वाढल्या. त्या अठ्ठावीस टक्क्यांशी हे जुळलं तेव्हा मला ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला. अर्थात एका बाईच्या तीन महिन्यांवरून नियम काढता येत नाही आणि माझ्या जेवणाच्या मोजणीत तेलाचा चमचा इकडेतिकडे झालाच असणार.

पहिल्या चार आठवड्यांत काट्यावर जवळजवळ काहीच दिसलं नव्हतं, हेही सांगायला हवं. चालणं वाढलं की पाय थोडे दिवस पाणी धरून ठेवतात. त्यात पाळीचा आठवडा आला की सरासरी वरही जाते. म्हणून मी या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघते, पाळीनंतरचा पाळीनंतरच्याशी. दोन महिने असे ताडल्याशिवाय काही बदलायचं नाही, असं ठरवलं होतं. ज्यांना मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी जेवणानंतरचं चालणं वाढवताना डॉक्टरांना विचारलेलं बरं, साखर एकदम खाली येऊ शकते. गुडघे झिजलेल्यांची गोष्ट तर पूर्णच वेगळी, त्यांनी माझे आकडे घेऊ नयेत.

आता वजन उतरलंय म्हणून किलोमीटरचा खर्चही उतरला आहे, ३६ चा जवळजवळ ३५. फार नाही, पण उतरत जाणार. आणि शरीर पुन्हा हात आखडता घेतंय का, ते दर रविवारी कळतं. वहीत आता दोन रकाने आहेत, लाल शाईत सरासरी वजन आणि हिरव्या शाईत सरासरी पावलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिरवा आकडा ७१०० वर आला होता. मुसळधार पाऊस, स्टेशनच्या रस्त्यावर पोटरीभर पाणी, पुन्हा शेअर रिक्षा. वजन अजून हललं नव्हतं, पण पावलांनी आधीच सांगितलं. त्या आठवड्यापासून पावसाच्या दिवसांत मी लोकलची वाट बघताना फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. बारा डब्यांचा फलाट अडीचशे मीटरच्या वर भरतो. गाडी उशिरा असली तर दोन फेऱ्या होतात.

काल रात्री आईचा फोन आला, मी उठले आणि हॉल ते बाल्कनी सुरू केलं. ती गावाकडच्या पावसाचं सांगत होती, परड्यातल्या अळूचं सांगत होती. मध्येच थांबून म्हणाली, “काय गं, धाप लागलीय तुला? बस की जरा.” मी म्हटलं, “चालतेय गं, तुझ्याशी बोलताना मी चालते.” ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग तिच्याकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सपातांचा.